पेल्यानंतरची गोळी

दारू आणि औषध यांची शरीरात गाठ पडली की दोन अगदी वेगळ्या प्रकारचे अनर्थ होऊ शकतात. पहिला बोलका असतो. पेला संपायच्या आत चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडू लागते आणि पाठोपाठ उलट्यांचा भडिमार सुरू होतो. माणूस पुरता घाबरतो, पण बहुतेक वेळा काही तासांत सावरतो. दुसरा अनर्थ मुका असतो. एक-दोन दिवस फारसे काही जाणवत नाही, आणि जाणवू लागते तेव्हा यकृताचा मोठा भाग निकामी झालेला असतो. पहिला काही ठरावीक प्रतिजैविकांमुळे होतो, दुसरा प्रामुख्याने पॅरासिटामॉलमुळे. लोक पहिल्याला भितात. खरे भ्यायला हवे ते दुसऱ्याला.

पोटात गेलेल्या मद्याची विल्हेवाट यकृत दोन टप्प्यांत लावते. पहिल्या टप्प्यात मद्यापासून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होते. ते चांगलेच विषारी असते. दुसऱ्या टप्प्यात अ‍ॅल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर करते. दोन्ही टप्पे सारख्या वेगाने चालले तर विष साचत नाही. एखाद्या औषधाने दुसरा टप्पा अडवला, तर अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात तुंबते. मग रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, कातडी लाल होऊन भाजल्यासारखी वाटते, डोके ठणकते, रक्तदाब घसरतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि उलट्या थांबता थांबत नाहीत.

हा प्रकार वैद्यकाच्या ध्यानात आला तो कारखान्यात. १९३७ मध्ये अमेरिकेतील एका रासायनिक कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवले, की रबर पक्के करण्याच्या रसायनांवर काम करणाऱ्या कामगारांना दारू अजिबात सोसेनाशी झाली आहे. पुढे १९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये एरिक याकोब्सेन आणि येन्स हाल्ड त्याच जातीचे डायसल्फिराम हे द्रव्य जंतनाशक म्हणून तपासत होते. त्यांनी ते स्वतःच घेऊन पाहिले आणि मद्य घेतल्यावर दोघेही आजारी पडले. जंतांचे औषध बाजूला राहिले आणि व्यसन सोडवण्याचे औषध हाती लागले. ते आजही वापरात आहे. रुग्णाच्या संमतीने आणि देखरेखीखाली दिले तर त्याचा उपयोग होतो. मात्र ‘पिणाऱ्याला न सांगता’ चहात किंवा भाजीत मिसळलेले हेच औषध घातक ठरू शकते. आपण ते घेतले आहे हेच माहीत नसलेला माणूस संध्याकाळी नेहमीप्रमाणे पितो, आणि हृदय आधीच कमकुवत असेल तर रक्तदाब घसरून जिवावर बेतते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका टिकतो.

काही प्रतिजैविके डायसल्फिरामसारखीच वागतात. त्यांत सर्वांत स्पष्ट पुरावा आहे तो सेफालोस्पोरिन गटातील काही औषधांबद्दल, उदाहरणार्थ सेफोपेराझोन. रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे हे इंजेक्शन भारतात सर्रास वापरले जाते. त्याच्या रेणूला एक विशिष्ट शेपूट असते. शरीरात ती सुटी होते आणि अ‍ॅल्डिहाइडचे विकर बंद पाडते. त्याच गटातली, पण ही शेपूट नसलेली सेफॅलेक्सिनसारखी औषधे हा त्रास देत नाहीत. अमॉक्सिसिलिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन यांचाही दारूशी असा उघड झगडा नाही. म्हणजे ‘अँटिबायोटिक चालू आहे म्हणून पिऊ नका’ या सल्ल्यामागे प्रत्येक वेळी हेच कारण असते असे नाही.

मेट्रोनिडाझोलची गोष्ट जरा वादाची आहे. जुलाब-आमांशापासून सुजलेल्या हिरडीपर्यंत हे औषध दिले जाते, आणि ‘यावर दारू नको’ हे औषधाच्या दुकानातला नवखा पोरगाही सांगतो. उलट्या झालेल्या रुग्णांच्या नोंदी खऱ्या आहेत. पण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका प्रयोगात बारा निरोगी पुरुषांपैकी काहींना मेट्रोनिडाझोल आणि काहींना खोटी गोळी देऊन मग मद्य पाजले, तेव्हा औषध घेतलेल्यांच्या रक्तात अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढले नाही आणि त्रासही दिसला नाही. प्रयोग लहान होता. त्यामुळे प्रत्येकाला त्रास होतोच असे म्हणता येत नाही आणि कोणालाच होत नाही असेही नाही. औषधाच्या माहितीपत्रकात मनाई कायम आहे. मेट्रोनिडाझोलचा शेवटचा डोस घेतल्यावर दोन ते तीन दिवस आणि टिनिडाझोलनंतर तीन दिवस दारू टाळायची असते. इथे एक घरगुती पळवाट विसरली जाते. द्राक्षासव, कुमारीआसव, अशोकारिष्ट ही आसवे-अरिष्टे आंबवूनच बनतात आणि त्यांत मद्यांश असतो. खोकल्याच्या काही औषधांतही तो असतो. आयुष्यात थेंबभर न प्यालेल्या आजीबाईंना त्यामुळे हा त्रास झाला, तर कारण कोणाच्या लक्षात येत नाही.

आता मुका अनर्थ. पॅरासिटामॉल हे ठरलेल्या मात्रेत सुरक्षित औषध आहे. निरोगी प्रौढासाठी दिवसभराची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग यकृत साध्या मार्गाने निष्प्रभ करून लघवीवाटे बाहेर टाकते. पण थोडा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, आडवाटेने जातो. त्या वाटेवर ‘सायटोक्रोम २ई१’ नावाचे विकर असते, आणि ते पॅरासिटामॉलपासून एक अतिशय जहाल द्रव्य बनवते. त्याचे संक्षिप्त नाव एनएपीक्यूआय. ते यकृताच्या पेशींतील प्रथिनांना चिकटून पेशी मारते. एरवी तसे होत नाही, कारण पेशींत ग्लुटाथायोन नावाचे संरक्षक द्रव्य असते. ते विषाला तयार होताच गाठून निकामी करते. ग्लुटाथायोन म्हणजे घरातली शिल्लक: रोजचा खर्च भागतो तोवर तिचा विचारही मनात येत नाही. साठा तीस टक्क्यांच्या खाली गेला की मात्र विष मोकळे सुटते.

रोज पिणारा माणूस ही शिल्लक दोन्ही बाजूंनी खातो. नियमित मद्यामुळे यकृतात २ई१ विकर वाढते, कारण तेच विकर मद्यही पचवते. म्हणजे त्याच गोळीतून विष जास्त बनते. शिवाय दारू आणि जेवणाची हेळसांड यांमुळे ग्लुटाथायोनचा साठा मुळातच कमी असतो. यातून एक विचित्र निष्कर्ष निघतो. रक्तात दारू असते तोवर ती याच विकराला गुंतवून ठेवते, त्यामुळे पॅरासिटामॉलला त्या वाटेने फारसे जाता येत नाही. दारू उतरली की वाढलेले विकर मोकळे होते आणि काही दिवस तसेच वाढलेले राहते. रोज पिणाऱ्याला सर्वाधिक धोका म्हणून पिताना नसतो, दारू थांबवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो. नेमके त्याच दिवसांत डोके दुखते आणि गोळ्या हव्या असतात.

असे प्रकरण कसे घडते, ते एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणातून पाहता येईल. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, अनेक वर्षे रोज संध्याकाळी एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर दारू पिणारा. दाढ सुजली, ताप आला, अन्न गिळवेना आणि दारूही नकोशी झाली. त्याने दर चार तासांनी ६५० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, म्हणजे दिवसाला सहा. एवढ्यानेच ३.९ ग्रॅम झाले. भर म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची दुसरी गोळी दिवसातून तीनदा. तिच्यातही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते, पण पाकिटावरचे नाव निराळे. बेरीज जवळजवळ ४.९ ग्रॅम, सलग तीन दिवस, जवळपास उपाशीपोटी. आत्महत्येचा विचारही नसलेला हा माणूस तिसऱ्या रात्री ओकू लागतो. त्याच्या उजव्या बरगडीखाली दुखते. चौथ्या दिवशी डोळे पिवळे होतात आणि तो असंबद्ध बोलू लागतो.

घरचे म्हणतात, ‘एवढी पीत होता, कावीळ होणारच!’ डॉक्टरही क्वचित तसेच समजतात. पण रक्ततपासणी वेगळे सांगते. दारूमुळे यकृताला सूज येते तेव्हा एसजीओटी आणि एसजीपीटी सहसा ३००-४००च्या पुढे जात नाहीत. पॅरासिटामॉलने पेशी मेल्या असतील तर तेच आकडे कित्येक हजारांत जातात. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढतो, कारण गोठवणारी द्रव्ये यकृतच बनवते. आकडा हजारांत दिसला की काविळीकडे बोट दाखवून थांबता येत नाही. कोणत्या गोळ्या, किती आणि केव्हापासून, हे विचारावेच लागते.

एका दमात भरपूर गोळ्या घेतल्या असतील तर पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते किंवा काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी बरेही वाटू लागते. हा फसवा काळ आहे, आणि रुग्ण घरी थांबून मौल्यवान वेळ गमावतो तो याच काळात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी यकृत निकामी होण्याची लक्षणे कळसाला पोहोचतात. मूत्रपिंडेही थांबू शकतात. यावर उतारा आहे तो एन-अ‍ॅसिटिलसिस्टीनचा, म्हणजे कफ पातळ करायला वापरतात त्याच औषधाचा. यकृताला ग्लुटाथायोन पुन्हा बनवायला लागणारा कच्चा माल तो पुरवतो. आठ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत जवळजवळ नक्की वाचते. उशीर झाला तरी तो देतातच, कारण तेव्हाही काही उपयोग होतो. तेवढ्यानेही भागले नाही तर उरतो तो यकृतरोपणाचा मार्ग.

डॉक्टर रक्तातील पॅरासिटामॉलचे प्रमाण आणि गोळ्या घेतल्यापासूनचे तास यांचा आलेख पाहून उतारा द्यायचा की नाही ते ठरवतात. पण तो आलेख एकाच वेळी घेतलेल्या मोठ्या मात्रेसाठी आहे. वरच्या उदाहरणातल्यासारख्या, दिवसांत विभागलेल्या मात्रांना तो लागू पडत नाही. रक्तातील प्रमाण कमी दिसते आणि नुकसान चालूच असते. म्हणून अशा रुग्णाबाबत निर्णय यकृताच्या तपासण्यांवर आणि नातेवाईकांनी सांगितलेल्या हकिकतीवर घेतला जातो. दारूची सवय लपवली तर ती हकिकतच अर्धी राहते.

हे सगळे प्रत्येक पिणाऱ्याला सारखे लागू नाही. लग्नाच्या हळदीला दोन पेग घेऊन दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेणाऱ्याचे यकृत निकामी झाले, असा पुरावा नाही. ज्यांची सवय रोजची आहे त्यांनी दिवसाला २ ग्रॅमची मर्यादा पाळावी, असे अनेक डॉक्टर सांगतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये पाकिटांवर रोज तीन किंवा अधिक पेये घेणाऱ्यांसाठी इशारा सक्तीचा केला. ब्रुफेनसारख्या गोळ्या यकृताला कमी जड वाटतात, पण दारूसोबत त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात. त्यामुळे अशा माणसाने नेमकी कोणती गोळी घ्यावी, हे डॉक्टरांना सवय सांगूनच ठरते.