कामासाठी जाणे आणि काम करणे

‘तो कामासाठी मुंबईला गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोर्टाच्या तारखेला गेला की गोदीत नोकरीला लागला, हे ऐकणारा आपोआप ओळखतो. अमेरिकेच्या विमानतळावरील अधिकारी मात्र असे ओळखून घेत बसत नाही. ‘कशासाठी आलात?’ या प्रश्नाला कोणी भाबडेपणाने ‘कामासाठी’ असे उत्तर दिले, की पुढची चौकशी सुरू होते. कारण त्या देशात या दोन गोष्टींचे परवाने वेगळे आहेत. व्यापारी भेटीसाठी ‘बी-१’ नावाचा व्हिसा आहे. नोकरीसाठी निराळे व्हिसे आहेत. त्यांपैकी शिकलेल्या लोकांच्या तोंडी असतो तो ‘एच-१बी’. तो मिळवण्यासाठी तिथल्या मालकाने आधी सरकारकडे अर्ज करावा लागतो.

मग दोहोंची सीमारेषा कुठे? ती एका शिंप्याच्या खटल्यात स्पष्ट झाली. हाँगकाँगच्या एका शिवणकाम कंपनीचा माणूस अमेरिकेत जाऊन गिऱ्हाइकांची मापे घेई आणि ऑर्डरी हाँगकाँगला धाडी. कपडे तिकडे शिवले जात, त्याचा पगारही तिकडूनच येई. हा अमेरिकेत काम करतो की नाही, असा वाद निघाला. १९६६ साली अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलांनी निकाल कायम केला, की हा व्यापारी पाहुणाच आहे. कारण धंद्याचे मुख्य ठिकाण आणि नफा दोन्ही परदेशात आहेत. त्याने तिथेच यंत्र मांडून कोट शिवला असता, तर गोष्ट फिरली असती. मला वाटते, कायद्याच्या पानांपेक्षा हा शिंपीच लक्षात ठेवणे सोपे.

आता हेच माप आपल्याकडच्या माणसाला लावून पाहू. समजा, कोल्हापूरकडच्या एका कारखान्याने अमेरिकेतील गिऱ्हाइकाला एक यंत्र विकले आहे आणि कारखान्याचा इंजिनिअर दोन आठवड्यांसाठी तिकडे निघाला आहे. गिऱ्हाइकाबरोबर बैठक, भावाची बोलणी, करारावर सही, प्रदर्शन पाहणे, परिषदेला हजर राहणे, हे सारे ‘बी-१’वर चालते. पगार मात्र कोल्हापूरहूनच मिळाला पाहिजे.

यंत्र बसवून देणेही चालते, पण अटी आहेत. विक्रीच्या मूळ करारातच ‘विकणाऱ्याने यंत्र बसवून द्यावे’ असे लिहिलेले हवे, आणि त्यासाठी लागणारे खास ज्ञान या माणसाजवळ हवे. यंत्रासाठी भिंत बांधायची झाली, तर तो गवंड्यांवर देखरेख करील. स्वतः थापी हातात घेणार नाही. बांधकामाला ही सवलत नाही.

खरी फसगत होते ती पुढे. यंत्र सुरू झाले, गिऱ्हाईक खूष झाले आणि म्हणाले, ‘आमचा एक माणूस रजेवर आहे. आठवडाभर आमची पाळी सांभाळाल का? पैसे नकोत तर नका घेऊ.’ भिडेखातर आपला माणूस ‘हो’ म्हणतो. पैसे न घेतल्याने मात्र तो सुटत नाही. तिथल्या कामगाराच्या जागी उभे राहून तिथल्या कारखान्याचे रोजचे उत्पादन काढणे, ही नोकरीच झाली.

शिक्षक मंडळींसाठी एक सवलत मुद्दाम सांगतो. एखाद्या विद्यापीठाने व्याख्यानाला बोलावले, तर ‘बी-१’वर मानधन घेता येते. मात्र एका संस्थेत ९ दिवसांपेक्षा अधिक नाही, आणि ६ महिन्यांत ५ संस्थांपेक्षा अधिक ठिकाणी नाही. पूर्ण सत्र शिकवायचे असेल, तर त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो.

आणखी एक घोटाळा तारखांचा. पासपोर्टावरील व्हिसा दहा वर्षांचा असू शकतो, म्हणून तेवढे राहता येते असे मुळीच नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची मुभा. किती दिवस राहायचे ते उतरताना अधिकारी ठरवतो, आणि ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. ती नोंद संगणकावर पाहता येते; उतरल्यावर लगेच पाहावी.

अधिकाऱ्याला संशय आला, तर तो सामान उघडून पाहू शकतो, फोनमधील पत्रेही वाचू शकतो. बैठकीला आलो म्हणणाऱ्याजवळ तिथल्या कारखान्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक सापडले, तर काय सांगणार? त्याच पावली परत धाडण्याचा हुकूम निघाला, तर साधारण ५ वर्षे पुन्हा प्रवेश नाही. खोटे सांगितल्याचे ठरले, तर बंदी जन्माची होऊ शकते.

म्हणून निघताना जवळ निमंत्रणाचे पत्र, आपल्या मालकाचे पगाराविषयीचे पत्र, परतीचे तिकीट आणि यंत्र बसवायचे असेल तर विक्रीच्या कराराची नक्कल ठेवावी. करारातील ते कलम आधी स्वतः वाचावे. पुष्कळदा ते लिहायचेच राहून गेलेले असते, आणि हे विमानात बसल्यावर कळून उपयोग नसतो.