40 टक्के आणि एक चांदणी

दिवाळीच्या आधी दोन आठवडे आपल्या मेलबॉक्समध्ये जे काही येऊन पडतं, त्याचा एक नमुना तयार केला आहे. स्वयंपाकघरातल्या वस्तू विकणारं पुण्यातलं एक मध्यम दुकान आहे असं समजा. त्यांच्या मेलचा विषय असा: ‘दिवाळी धमाका! सगळ्यांसाठी 40% सूट* – आता नाही तर कधीच नाही!!’ मेल उघडला की समयांचं मोठं चित्र, खाली कुकर-कढयांचे बारा फोटो, मध्ये ‘आत्ताच खरेदी करा’ असं लाल बटण. पत्ता, फोन आणि मेल बंद करण्याची लिंक यांच्याही खाली, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत हे वाक्य:

‘*अटी लागू. ऑफर निवडक उत्पादनांवर. किमान खरेदी रु. 2,999. कमाल सूट रु. 600. इतर सवलतींसोबत लागू नाही. कोड DIWALI40. केवळ ऑनलाइन. 12 ऑक्टोबरपर्यंत वैध.’

असा मेल सुधारायला दिला की बहुतेक जण अक्षरं मोठी करतात, मुदत लाल रंगात वर आणतात आणि काम झालं म्हणतात. माझ्या मते आधी कॅल्क्युलेटर घ्यायला हवा. सूट 600 रुपयांवर थांबते. 40 टक्के म्हणजे 600 रुपये व्हायचे तर खरेदी 1,500 रुपयांचीच हवी. पण 2,999 च्या खाली कोड चालतच नाही. म्हणजे बरोबर 2,999 रुपयांची खरेदी करणाऱ्याला जेमतेम 20 टक्के मिळतात आणि 6,000 रुपये खर्च करणाऱ्याला 10. मथळ्यातले 40 टक्के कुठल्याही ग्राहकाला, कुठल्याही खरेदीवर मिळूच शकत नाहीत. दोन अटी सुट्या वाचल्या तर साध्या वाटतात. एकत्र वाचल्या की मथळा खोटा ठरतो. बारीक अक्षरांचा सर्वात मोठा तोटा मला हाच वाटतो: ती लिहिणाऱ्यालाही नीट दिसत नाहीत. एकाने मथळा दिला, दुसऱ्याने हिशेब सांभाळून वरची मर्यादा घातली, तिसऱ्याने दोन्ही एका मेलमध्ये चिकटवलं आणि गणित कुणीच केलं नाही.

कायद्याचाही रोख इथेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. खुलाशाची तळटीप दाव्याचं स्पष्टीकरण देऊ शकते, पण महत्त्वाची माहिती लपवण्यासाठी किंवा चुकीचा दावा मागाहून दुरुस्त करण्यासाठी ती वापरता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. ती दाव्याच्याच भाषेत आणि ठळकपणे दिसेल अशी हवी. मथळा मराठीत आणि अटी इंग्रजीत, हा आपल्याकडचा आवडता प्रकारही त्यामुळे बाद होतो. थोडक्यात, आपल्या नमुन्यातली चांदणी कितीही मोठी केली तरी ‘40%’ हा आकडा सुटत नाही. दुकानदारापुढे दोनच रस्ते उरतात: वरची मर्यादा काढायची, नाहीतर मथळा बदलायचा. मर्यादा काढणं परवडणार नाही असं तो म्हणाला, तर मथळा ‘600 रुपये सूट’ असाच होतो. ऐकायला तो फिका वाटतो, पण 3,000 रुपयांच्या खरेदीत 600 रुपये वाचणं काही थोडंथोडकं नाही.

आता मुदतीकडे येऊ. मेल मोबाइलवर वाचला जातो आणि तिथे विषयाची पहिली तीस-चाळीस अक्षरं दिसतात, पुढचं कापलं जातं. त्या मोजक्या जागेतली अर्धी ‘दिवाळी धमाका’ने खाल्लेली असते. विषयाच्या शेजारी किंवा खाली मेलमधली पहिली ओळ फिकट अक्षरांत दिसते. ती ओळ कुणी मुद्दाम लिहिली नाही तर तिथे ‘हा मेल नीट दिसत नसल्यास इथे क्लिक करा’ असलं काहीतरी येतं. फुकटची जागा वाया जाते. तळाची स्थिती तर आणखी वाईट. मेलचा कोड, म्हणजे चित्रं सोडून त्यामागचा मजकूर, साधारण 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल उरलेला भाग कापून तिथे पूर्ण मेल पाहण्याची लिंक ठेवतं. बारा वस्तूंची सजावट असलेला मेल ही हद्द सहज ओलांडतो. मग अटी बारीक अक्षरांतही उरत नाहीत, त्या दिसतच नाहीत. अटी चित्रातच छापल्या असतील आणि वाचणाऱ्याने चित्रं बंद ठेवली असतील, तरी तेच.

‘रविवारी मध्यरात्रीपर्यंत’ असंही लिहू नये. शनिवार संपतो तेव्हाची मध्यरात्र की रविवार संपतो तेव्हाची, यावर कस्टमर केअरला फोन येतात. वार, तारीख आणि वेळ एकत्र दिली की तो प्रश्नच उरत नाही. ‘आज शेवटचा दिवस’ तर कधीच नको. शुक्रवारी पाठवलेला मेल कुणी सोमवारी उघडतो.

या सगळ्यानंतर मेल असा होतो:

विषय: 600 रुपये सूट, रवि. 12 ऑक्टो. रात्रीपर्यंत

पहिली ओळ: 2,999 रुपयांपासून पुढच्या ऑनलाइन खरेदीवर. मिक्सर आणि गॅस शेगड्या सोडून.

‘नमस्कार. 2,999 रुपये किंवा त्याहून जास्त खरेदी केलीत तर बिलातून 600 रुपये कमी होतील. पैसे भरताना DIWALI600 हा कोड टाका. मुदत रविवार, 12 ऑक्टोबर, रात्री 11.59 पर्यंत. मिक्सर, गॅस शेगड्या आणि आधीच कमी किमतीत असलेल्या वस्तू 2,999 च्या हिशेबात धरल्या जात नाहीत. दुकानात हा कोड चालणार नाही.’

त्याखाली बटण: ‘सूट असलेल्या वस्तू पाहा’.

‘निवडक उत्पादनं’ हा शब्दप्रयोग गेला, कारण काय वगळलंय ते सांगणं त्याहून सोपं होतं. बटणही बदललं. आधीचं बटण दुकानाच्या मुख्य पानावर नेत होतं, तिथे ग्राहक मिक्सर उचलायचा आणि पैसे भरताना ‘कोड अवैध’ अशी लाल ओळ पाहायचा. नवं बटण सवलतीतल्या वस्तूंच्याच पानावर उतरतं.

सगळ्याच अटी वर आणायच्या नसतात, नाहीतर मेलचा करारनामा होतो. मी तीनच प्रश्न विचारतो: ही अट माहीत नसेल तर कुणाचा कोड नाकारला जाईल का, अपेक्षेपेक्षा जास्त पैसे भरावे लागतील का, की दिवस चुकेल? यातलं एक जरी होत असेल तर ती अट वर यायला हवी. सुटीची रक्कम रोख मिळणार नाही, वाद पुण्याच्या न्यायालयात चालेल, हे खुशाल तळाला राहू द्यावं, फक्त वाचता येईल अशा अक्षरांत. एक अट मात्र नेहमी विसरली जाते. 3,200 रुपयांच्या खरेदीतला 500 रुपयांचा तवा परत केला तर सूट राहते की जाते? ते ठरवून एका वाक्यात लिहावं, नाहीतर दिवाळीनंतरचा आठवडा त्याच भांडणात जातो.

दुकानदाराची शंका ठरलेली असते: ‘असं स्वच्छ लिहिलं तर बटण कमी लोक दाबतील.’ दाबतीलही कमी. पण बटण दाबणं म्हणजे विक्री नव्हे. निम्म्या यादीला जुन्या पद्धतीचा आणि निम्म्या यादीला नवा मेल पाठवून पाहावा असं वाटेल, पण जुना मेल मुळातच दिशाभूल करणारा असल्याने तो पाठवता येत नाही. तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या आकड्यांशी करावी, आणि त्यातही पूर्ण झालेल्या ऑर्डरी, नाकारले गेलेले कोड आणि तक्रारींचे फोन मोजावेत.

सोमवारी सकाळी मालक म्हणतो, ‘प्रतिसाद चांगलाय, चार दिवस वाढवू.’ ‘शेवटची संधी’ म्हणून विकलेली मुदत दरवेळी अशी वाढत गेली, तर ती खोटी घाई ठरते. नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा 13 क्लृप्त्या दिल्या आहेत आणि त्यांतली पहिली हीच आहे. मुदत वाढवण्याची शक्यता असेल तर विषयात ‘शेवटची’ हा शब्द न वापरता नुसती तारीख लिहावी.