जाहिरातफितीच्या दोन आवृत्त्यांतील पाठभेदांचा शोध

यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव येथील बीटी कापसाच्या यशाविषयीचा मजकूर एका इंग्रजी दैनिकात २००८ मध्ये वृत्तान्त म्हणून आणि २०११ मध्ये जाहिरात म्हणून प्रसिद्ध झाला. पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये हे निदर्शनास आणले. छापील पाने शेजारी ठेवून असा फरक दिसतो. जाहिरातफितीत मात्र बदललेली ओळ दोन सेकंदांत निघून जाते. म्हणून तेथे एका फितीच्या चौकटींतून दुसरीच्या चौकटी वजा कराव्या लागतात.

प्रथम दोन्ही फिती समान आकारात व प्रतिसेकंद समान चौकटींत आणाव्यात. `ffmpeg` मधील `blend` या गाळणीच्या `difference` पद्धतीने, रंग `gbrp` स्वरूपात घेऊन, वजाबाकी केल्यास समान भाग काळा व भिन्न भाग उजळ दिसतो. अक्षरांच्या आकाराचा उजेड पडद्यावरील मजकूर बदलल्याचे दर्शवितो. पडदाभर पसरलेली मंद धूसरता बहुधा फाईल लहान करताना आलेली असते.

समजा, तीस सेकंदांच्या जाहिरातीतून बाराव्या सेकंदापासूनचे दोन सेकंदांचे दृश्य गाळले आहे. तेथून पुढे संपूर्ण पडदा उजळतो. परंतु पुढील सर्व दृश्ये बदलली, असा त्याचा अर्थ नव्हे. प्रतिसेकंद २५ चौकटी असल्यास त्या ठिकाणापासून मूळ फितीतील ५० चौकटी वगळून पुन्हा वजाबाकी करावी. पडदा काळा झाला, तर केवळ तेवढेच दृश्य गळाले आहे.

निवेदनातील बदल या रीतीने सापडत नाहीत. दोन्ही निवेदने शब्दशः लिहून ओळीओळीने ताडावी लागतात. कारण ‘मिळू शकते’चे ‘मिळते’ झाले, तरी चित्र तेच राहते आणि शक्यतेचे आश्वासन होते.