उत्तर न आलेल्या मेलनंतरचा मेल

कुडाळची एखादी छोटी उद्योजिका डोळ्यांसमोर आणा. घरच्या युनिटमध्ये ती कोकमाचं आगळ काढते, आणि यंदा पुण्यातल्या वीस हॉटेलांच्या खरेदी विभागांना मेल लिहायचं तिनं ठरवलंय. एकाही हॉटेलात ओळख नाही. अशा मेलना बहुतेकदा उत्तर येत नाही, हे तिनं आधीच धरून चालावं. खरी अडचण पुढेच आहे. पुन्हा लिहिलं तर आपण मागे लागलोय असं वाटेल, नाही लिहिलं तर विषय तिथंच संपेल.

न आलेल्या उत्तराला आपण मनातल्या मनात नकार समजतो. समोर काय घडतं ते पाहा. खरेदी पाहणारा माणूस सकाळी भाजी, दूध, मासळी यांची आवक मोजून घेत असतो. मेल फोनवर दिसतो, ‘नंतर बघू’ म्हणून तो तसाच ठेवतो आणि दुपारपर्यंत त्यावर आणखी पन्नास मेल येऊन पडतात. किंवा पेयांची यादी शेफ ठरवतो, त्यामुळे हा मेल आपल्यासाठी नाहीच असं त्याला वाटतं. किंवा मेल स्पॅममध्ये गेलेला असतो. आणि हो, त्याला खरंच नको असतं, हेही एक कारण असतंच. यातलं नेमकं कुठलं, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून पुढचा प्रत्येक मेल वेगळ्या कारणाला उत्तर देणारा हवा. तोच मजकूर पुन्हा पाठवला तर तो विसरलेल्या माणसाच्या थोडाफार उपयोगी पडेल, बाकीच्यांना नुसता त्रास.

हे जमायचं तर तिन्ही मेल एकाच बैठकीत लिहावे लागतात. हो, तीनच. अनोळखी माणसाला चौथा मेल पाठवू नये असं माझं मत आहे. सात-आठ मेलांच्या साखळ्या सुचवणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना वीस हॉटेलांच्या शहरात पुढच्या वर्षी पुन्हा तोंड दाखवायचं नसतं.

पहिला मेल फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी, कारण उन्हाळ्याचा मेनू ठरायच्या आत नमुना स्वयंपाकघरात पोचायला हवा. विषयाची ओळ साधी: ‘उन्हाळी मेनूसाठी कोकम आगळ, नमुना पाठवू का?’ आत पाच-सहा ओळी: आपण कोण, माल काय, एफएसएसएआय परवान्याचा क्रमांक आणि मागणी एकच, अर्धा लिटर नमुना पाठवण्याची परवानगी. दर, पाककृती, वाहतूक, घराण्याचा इतिहास यातलं काहीही आत्ता नको. ते सगळं पहिल्याच मेलमध्ये ओतलं की दुसऱ्यात ‘माझा मेल पाहिलात का’ याखेरीज सांगायला काही उरत नाही.

दुसरा मेल पुढच्या सोमवारी. तो पहिल्या मेललाच रिप्लाय करून पाठवायचा, म्हणजे जुना मजकूर खाली आपोआप दिसतो आणि वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. हा विसरलेल्या माणसासाठी आहे, म्हणून पहिल्याहून लहान:

‘नमस्कार साहेब, आगळाच्या नमुन्याबद्दल खाली लिहिलं आहे. शेफना उपयोगी पडेल म्हणून कळवते: आमच्या मापानं एक लिटर आगळात साधारण 35 ग्लास सोलकढी होते. आगळात मीठ असतं, त्यामुळे वेगळं घालण्याआधी चव पाहावी. नमुना हवा असल्यास “पाठवा” एवढंच लिहिलंत तरी चालेल.’

यात तक्रार नाही, आणि हातात पडलेली माहिती नवी आहे. उत्तर एका शब्दात देता येतं. हिशेबाची फाइल जोडायचा मोह होईल, पण अनोळखी माणसाकडून आलेली फाइल कुणी सहसा उघडत नाही. दोन ओळी मजकुरातच लिहाव्यात.

तिसरा मेल त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी. अंतर वाढवत न्यायचं, कारण रोज किंवा एक दिवसाआड आलेला मेल, शब्द कितीही गोड असले तरी, तगादाच असतो. हा मेल चुकीच्या माणसासाठी आणि नको असलेल्या माणसासाठी: ‘पेयांचं आपल्याकडे शेफ पाहत असतील तर त्यांना लिहू का? सध्या गरज नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल. उत्तर आलं नाही तर या हंगामात मी पुन्हा लिहिणार नाही.’ बरीचशी उत्तरं या मेलला येतात ती दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगणारी, आणि ती नकारापेक्षा कितीतरी मोलाची. पण शेवटच्या वाक्याला जागायचं. ‘हा शेवटचा मेल’ म्हणून आठवड्यानं पुन्हा लिहिणाऱ्याचं पुढचं काहीच खरं वाटत नाही.

मेलमध्ये चिकटपणा येतो तो उत्तर आपलं देणं लागतं असं गृहीत धरल्यानं. ‘दोनदा लिहूनही उत्तर नाही’, ‘जेंटल रिमाइंडर’, ‘आपण व्यस्त असाल हे समजू शकते’ ही सगळी वाक्यं थकलेल्या बिलाला शोभतात. हॉटेलवाल्यानं आपल्याकडून काही घेतलेलं नाही. ताजा मेल लिहून विषयाच्या आधी खोटं ‘Re:’ लावणं तर सरळ फसवणूक. ‘आपण मेल उघडल्याचं दिसलं’ हे वाक्यही कधीच नको. पाळत ठेवल्यासारखं वाटतंच, शिवाय ते खोटंही असू शकतं: 2021 पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की माणसानं मेल उघडला नाही तरी मागोवा घेणारं चित्र आधीच उतरवून घेतलं जातं आणि मेल ‘उघडलेला’ दिसतो.

हॉटेलच्या लँडलाइनवर एक फोन करून खरेदी कोण पाहतं हे विचारायला हरकत नाही. त्या माणसाचा खासगी नंबर मिळवून व्हॉट्सॲपवर मागे लागणं मात्र टाळावं.

वीस नावांना सॉफ्टवेअर लागत नाही, एक तक्ता पुरतो: हॉटेल, पहिल्या मेलची तारीख, पुढची तारीख, आलेलं उत्तर. रोज सकाळी पुढचा मेल धाडण्याआधी इनबॉक्स पाहायचा. आपोआप मेल पाठवणारी यंत्रणा नीट लावलेली नसली की सगळ्यात लाजिरवाणा प्रकार घडतो: माणूस काल ‘नमुना पाठवा’ म्हणालेला असतो आणि आज त्याला ‘अजून उत्तर नाही’ असा मेल जातो. ‘मी 16 तारखेपर्यंत रजेवर आहे’ असं स्वयंचलित उत्तर आलं तर पुढची तारीख 18-19 करायची. मेल परत आला तर पत्ता चुकीचा, तिथे थांबायचं.

वीसपैकी एकाकडूनही काहीच आलं नाही, नकारसुद्धा नाही, तर मजकुराआधी मेल पोचतोय का ते तपासा. स्वतःच्याच दुसऱ्या जीमेल खात्यावर एक मेल पाठवा. तो स्पॅममध्ये नाही ना ते पाहा, मग मेलच्या मेनूतलं ‘Show original’ उघडा. तिथे SPF आणि DKIM पुढे PASS दिसायला हवं. स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवणाऱ्यांचं हे बऱ्याचदा राहून जातं, आणि फेब्रुवारी 2024 पासून जीमेलनं यापैकी निदान एक सगळ्याच पाठवणाऱ्यांना आवश्यक केलं आहे. उलट नकार भराभर येत असतील तर मेल व्यवस्थित पोचताहेत. मग मालात, दरात किंवा यादीत खोट शोधावी.

परदेशी लिहिणाऱ्यांनी तिथला कायदा आधी पाहावा. जर्मनीत पूर्वसंमतीशिवाय जाहिरातीचा मेल कंपन्यांनाही पाठवता येत नाही, मग दुसरा-तिसरा दूरच. अमेरिकेत पाठवता येतो, पण पुढे मेल नकोत असं कळवण्याची सोय आणि आपला टपालाचा पत्ता त्यात लागतो, आणि कुणी नको म्हणालं तर कामाच्या 10 दिवसांत नाव काढावं लागतं.

तिसऱ्या मेललाही उत्तर न देणारी हॉटेलं पुढच्या जानेवारीपर्यंत तक्त्यातून बाजूला ठेवा. तेव्हा नव्या विषयाच्या ओळीनं नवा मेल लिहा, आणि गेल्या वर्षी उत्तर आलं नव्हतं याचा त्यात उल्लेखही करू नका.