विश्लेषण : पायवाटेवरचा ठसा बिबट्याचा, तरसाचा की कुत्र्याचा?

औंधच्या यमाई डोंगराच्या पायथ्याशी किंवा खटाव-माणच्या माळरानावर मातीत मोठा पंजा उमटलेला दिसला, की त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि तासाभरात 'बिबट्या आला' अशी बातमी होते. मात्र या कोरड्या माळावर लांडगा, तरस, कोल्हा आणि खोकड यांचाही वावर आहे. धनगरांचे दांडगे कुत्रे तर रोजचेच. चुकीच्या ओळखीची किंमत बहुधा तरसाला मोजावी लागते. शाळेच्या निसर्ग मंडळाने आधी हा एकच प्रश्न नीट सोडवायला शिकावे. सशाचे, घोरपडीचे ठसे मग सोपे वाटतात.

मांजर की कुत्रा, हे कसे ठरवायचे?

ठशात चार बोटे आणि त्यामागे तळव्याची एक मोठी उशी दिसते. बिबट्या मांजरकुळातला. चालताना तो नखे आत ओढून घेतो, त्यामुळे ती उमटत नाहीत. ठसा गोलसर असतो, उशी रुंद असते आणि तिच्या मागच्या कडेला तीन फुगीर भाग दिसतात. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांचा ठसा लांबट असतो. बोटांपुढे नखांचे टोचे दिसतात आणि उशी लहान, तिकोनी असते. बोटे आणि उशी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून फुलीसारख्या दोन रेघा सहज काढता येतात.

नखांवर मात्र एकट्याने भिस्त ठेवू नये. कडक जमिनीवर कुत्र्याची नखे उमटतच नाहीत, तर निसरड्या उतारावर बिबट्याही नखे बाहेर काढतो. म्हणून नखांआधी उशीचा आकार पाहावा.

मग तरस कसा ओळखायचा?

गोंधळ खरा इथेच होतो. तरस दिसायला कुत्र्यासारखा, पण कुळ वेगळे. त्यालाही चार बोटे असतात आणि त्याची बोथट नखे उमटतात. मात्र बोटे एकमेकांना चिकटलेली असतात आणि उशी मोठी, थोडी तिरकी असते. सर्वांत भरवशाची खूण एका ठशात सापडत नाही, ती मागात सापडते. तरसाचे डोके, मान आणि खांदे भारी, मागचा भाग उतरता. त्यामुळे पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो.

समजा, सकाळी पायवाटेच्या फुफाट्यात सुमारे ८ सेंटिमीटर रुंद ठसा दिसला. बोटांपुढे पुसट टोचे आहेत. एवढ्यावरून धनगरी कुत्रा, लांडगा आणि तरस असे तिघे संशयित उरतात. आता त्याच वाटेने, पण जनावर जिकडून आले त्या दिशेला दहा-पंधरा पावले मागे जाऊन प्रत्येक ठसा मोजायचा. एक ८, पुढचा साडेसहा, परत ८, परत साडेसहा असा फरक सातत्याने आला आणि बोटे चिकटलेली असली, तर तरसाकडे बोट जाते. जवळच विष्ठा असेल तर ती पाहावी, हात लावू नये. तरस हाडे चावून खातो, म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर खडूसारखी पांढरी पडते. दोन्ही खुणा जुळल्या तर वहीत 'तरस' लिहायला हरकत नाही.

ठसे सगळे जवळपास सारखेच निघाले, तर प्रश्न कुत्रा की लांडगा इतकाच राहतो. एका ठशावरून हा निवाडा जाणकारही करत नाहीत. लांडग्याचा माग बराच सरळ रेषेत जातो. कुत्रा हुंगत, वळत, थांबत फिरतो. शंका असेल तर 'कुत्रा/लांडगा' असेच लिहावे.

नोंद कशी घ्यायची?

सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जावे. तिरप्या उन्हात ठशाच्या कडांची सावली पडते आणि आकार उठून दिसतो. भर दुपारी तोच ठसा सपाट वाटतो. शेजारी मोजपट्टी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा. पट्टी नसलेल्या फोटोवरून आकार कळत नाही आणि व्हॉट्सॲपवरचे बहुतेक फोटो असेच असतात. चिखलात पंजा पसरतो, ठसा मोठा दिसतो. कधी मागचा पाय पुढच्याच ठशावर पडतो आणि सहा बोटांचे अजब जनावर तयार होते! म्हणून किमान चार-पाच ठसे मोजावेत.

साचा घ्यायचा तर ठशाभोवती पुठ्ठ्याचे कडे लावून प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावे. दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी पुरते. अर्ध्या तासाने साचा उचलावा.

ठशांवरून संख्या मोजता येते का?

देशात अनेक वर्षे वाघ असेच मोजले गेले. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ही पद्धत आणली. काचेवर ठसा गिरवायचा आणि त्यावरून नेमका कोणता वाघ ते सांगायचे. पण माती बदलली की त्याच वाघाचा ठसा बदलतो. सरिस्कातले वाघ संपल्याचे २००५ मध्ये उघड झाले आणि ही मोजणी मागे पडून कॅमेरे आले. त्यामुळे मंडळाच्या वहीत 'तरस' लिहावे, 'तीन तरस' लिहू नये.

उशीला मागे तीन फुगीर भाग, नखे नाहीत, रुंदी ७-८ सेंटिमीटर आणि ठशाच्या कडा अजून धारदार असतील, तर माग काढत जाऊ नये. फोटो घेऊन मुलांसह मागे फिरावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.