साठ फेऱ्यांचा हिशोब

पिठाच्या गिरणीला जोडलेल्या तीन फेज मोटरची नेमप्लेट वाचली, तर साधारण असे आकडे दिसतात : ५ एचपी, म्हणजे ३.७ किलोवॉट, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, वेग १४४० आरपीएम. डिप्लोमाच्या विद्यार्थ्याने यातल्या वेगाच्या आकड्यापाशी थांबावं. १५०० का नाही? आणि १४४० च का?

ही मोटर चार पोलची आहे. स्टेटरच्या वाइंडिंगला तीन फेजचा पुरवठा मिळाला, की आत एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पुरवठ्याचं एक आवर्तन पूर्ण होईपर्यंत हे क्षेत्र पोलच्या एका जोडीएवढं अंतर सरकतं. चार पोल म्हणजे दोन जोड्या, म्हणून एका आवर्तनात अर्धा फेरा. सेकंदाला ५० आवर्तनं म्हणजे २५ फेरे, आणि मिनिटाला १५००. यालाच सिंक्रोनस वेग म्हणतात. Ns = 120 f / P हे सूत्र एवढंच सांगतं.

रोटरला मात्र बाहेरून वीज जोडलेलीच नाही. त्याच्या खाचांमध्ये ॲल्युमिनियमचे किंवा तांब्याचे दांडे असतात आणि ते दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेले असतात. फिरतं क्षेत्र या दांड्यांना छेदून जातं, त्यामुळे दांड्यांत व्होल्टेज निर्माण होतं, प्रवाह वाहतो आणि त्या प्रवाहावर क्षेत्राचा जोर पडून रोटर फिरतो. आता रोटर बरोबर १५०० ने फिरू लागला असं समजा. मग दांडा आणि क्षेत्र सोबतच चालतील, छेदणं थांबेल, व्होल्टेज शून्य होईल, प्रवाह शून्य होईल आणि टॉर्कही शून्य होईल. बेअरिंगच्या घर्षणावर मात करण्यापुरताही जोर उरणार नाही आणि रोटर मागे पडेल. म्हणून मोटरचं मागे राहणं हा दोष नाही. मागे राहिल्याशिवाय तिला टॉर्क देताच येत नाही.

या मागे राहण्याचं प्रमाण म्हणजे स्लिप : s = (Ns − N) / Ns. आपल्या मोटरसाठी १५०० वजा १४४० म्हणजे ६०, भागिले १५००, म्हणजे ०.०४ किंवा ४ टक्के. रोटरमधल्या प्रवाहाची फ्रिक्वेन्सी स्लिपच्या प्रमाणात असते, म्हणून पूर्ण लोडवर ती ५० च्या ४ टक्के, फक्त २ हर्ट्झ. सुरू होण्याच्या क्षणी रोटर थांबलेला असतो, स्लिप १ असते आणि फ्रिक्वेन्सी पूर्ण ५० हर्ट्झ. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढचं सगळं यांच्यावर उभं आहे.

प्रयोगशाळेत स्लिप मोजताना एक अडचण हमखास येते. टॅकोमीटर एक टक्का चुकला, तर वेगात १५ फेऱ्यांची चूक होते. वेग म्हणून ती किरकोळ वाटते, पण स्लिप तर एकूण ६० फेऱ्यांचीच आहे, म्हणजे उत्तर पाव हिश्शाने चुकतं. शिवाय पुरवठ्याची फ्रिक्वेन्सी ४९.८ असेल, तर सिंक्रोनस वेग १४९४ होतो आणि १५०० धरून केलेलं गणित तिथेही फसतं. यावर जुना आणि अचूक उपाय आहे. शाफ्टच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून तिच्यावर समान अंतराने चार पांढऱ्या खुणा करायच्या आणि त्याच पुरवठ्यावरच्या, जुन्या चोकच्या ट्यूबलाइटच्या उजेडात पाहायचं. ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. चकती १५०० ने फिरली असती, तर खुणा जागेवर स्थिर दिसल्या असत्या. स्लिपमुळे त्या हळूहळू उलट्या दिशेने सरकताना दिसतात, आणि एका मिनिटात चकती जितके उलटे फेरे घेताना दिसेल तितके फेरे रोटर मागे आहे. आपल्या मोटरसाठी ते सेकंदाला एक. इथे फरक थेट मोजला जातो आणि फ्रिक्वेन्सीतला बदल दिव्यालाही तेवढाच लागू होतो. अनेक एलईडी दिव्यांत ही उघडझाप नसते, त्यामुळे त्यांच्या उजेडात हा प्रयोग जमत नाही.

आता टॉर्क. यांत्रिक पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५०.८ रेडियन. ३७०० भागिले १५०.८ केलं, की पूर्ण लोडचा टॉर्क २४.५ न्यूटन-मीटर येतो. हाच टॉर्क फिरतं क्षेत्र रोटरवर लावतं, पण क्षेत्राचा वेग १५०० आहे, म्हणजे सेकंदाला १५७.१ रेडियन. गुणाकार केला तर रोटरकडे हवेच्या फटीतून येणारी पॉवर सुमारे ३८५४ वॉट निघते. शाफ्टवर मिळाले ३७००. मधले १५४ वॉट रोटरच्या दांड्यांत उष्णता होऊन गेले. (घर्षणाचा तोटा इथे सोडून दिला आहे.) १५४ हे ३८५४ च्या बरोबर ४ टक्के आहेत. रोटरला मिळालेल्या पॉवरपैकी स्लिपएवढा हिस्सा दांडे तापवण्यात जातो, हा नियम प्रत्येक इंडक्शन मोटरला लागू आहे. स्लिप वाढली की रोटर तापणार.

पण स्लिप वाढली की टॉर्क वाढतो का? वर्गात इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. सूत्र असं आहे :

T ∝ s E² R / (R² + (sX)²)

R हा रोटरचा रेझिस्टन्स, X हा रोटर थांबलेला असतानाचा रिॲक्टन्स आणि E हे त्याच वेळचं रोटरमधलं व्होल्टेज. स्लिप लहान असताना sX ची किंमत R पुढे नगण्य असते, म्हणून टॉर्क स्लिपच्या प्रमाणात वाढतो. गिरणीवर निम्माच लोड असेल, तर स्लिप २ टक्क्यांच्या जवळ येते आणि वेग १४७० च्या आसपास राहतो. स्लिप वाढत R / X एवढी झाली, की टॉर्क सर्वाधिक होतो. त्यापुढे स्लिप वाढूनही टॉर्क घटतो.

आपल्या मोटरचं R / X हे ०.२ धरू. म्हणजे सर्वाधिक टॉर्क २० टक्के स्लिपला, १२०० आरपीएमवर. सूत्रात किंमती घातल्या, तर तो पूर्ण लोडच्या २.६ पट, सुमारे ६४ न्यूटन-मीटर निघतो. आता सुरू होण्याच्या क्षणाचा टॉर्क काढा, s = १ घालून. उत्तर येतं २४.५ न्यूटन-मीटर, पूर्ण लोडच्या टॉर्कएवढंच!

पहिल्यांदा हे गणित करणारा विद्यार्थी चूक शोधू लागतो, कारण रोटरचा प्रवाह सुरुवातीला पूर्ण लोडच्या पाचपट असतो. प्रवाह पाचपट आणि टॉर्क तेवढाच? उत्तर पॉवर फॅक्टरमध्ये आहे. पूर्ण लोडवर रोटरची फ्रिक्वेन्सी २ हर्ट्झ असते, रिॲक्टन्स अगदी कमी असतो आणि रोटरचा पॉवर फॅक्टर ०.९८ येतो. सुरुवातीला फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ, रिॲक्टन्स रेझिस्टन्सच्या पाचपट आणि पॉवर फॅक्टर ०.१९६. प्रवाह पाचपट झाला, पण पॉवर फॅक्टर एक पंचमांशावर आला. दांड्यात प्रवाह भरपूर आहे, पण तो उशिरा शिखरावर पोचतो, तोवर चुंबकीय क्षेत्राचा जोरकस भाग पुढे निघून गेलेला असतो. टॉर्क फक्त प्रवाहावर ठरत नाही. प्रवाह क्षेत्राच्या वेळेला हजर असावा लागतो.

प्रत्यक्ष मोटरमध्ये सुरुवातीचा टॉर्क या हिशोबापेक्षा बहुधा जास्त असतो. ५० हर्ट्झचा प्रवाह खोल दांड्याच्या वरच्या भागात दाटतो, त्यामुळे त्या क्षणापुरता R वाढतो आणि वेग आल्यावर पुन्हा कमी होतो. स्लिप-रिंग मोटरमध्ये हेच काम बाहेरून रेझिस्टन्स जोडून करतात. R वाढवल्याने सर्वाधिक टॉर्कची किंमत बदलत नाही, तो फक्त जास्त स्लिपच्या बाजूला सरकतो. R जर X एवढा केला, तर तो सुरुवातीलाच मिळतो.

सूत्रातला E² विसरू नका. रोटरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या प्रमाणात असतं, म्हणून टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. स्टार-डेल्टा स्टार्टर स्टारमध्ये असताना प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्ट मिळतात आणि सुरुवातीचा टॉर्क एक तृतीयांश होतो : २४.५ चे ८.२ न्यूटन-मीटर. दळण आत पडलेलं असताना गिरणी सुरू केली, तर मोटर घुमते, पण वेग घेत नाही, याचं कारण हे आहे. गिरणी रिकामी सुरू करून वेग आल्यावरच दाणे सोडायचे, ही गिरणीवाल्याची सवय या सूत्राशी पूर्ण जुळते.

आता संध्याकाळी गावात व्होल्टेज ३४० वर आलं असं समजा. ३४० भागिले ४१५, त्याचा वर्ग ०.६७. सर्वाधिक टॉर्क ६४ वरून ४३ न्यूटन-मीटरवर येतो. जात्याला मात्र पूर्वीइतकेच २४.५ हवे आहेत. ते देण्यासाठी मोटर आणखी मागे पडते : सूत्राने स्लिप ६.३ टक्के निघते, वेग सुमारे १४०५. वेगात ३५ फेऱ्यांचाच फरक, कानाला कळणारही नाही. पण रोटरमधली उष्णता १५४ वॉटवरून सुमारे २४० वॉटवर जाते, दीडपटीहून जास्त, आणि स्टेटरचा प्रवाहही वाढतो. मोटर चालू दिसते, दळण येत राहतं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन मात्र आतून भाजत असतं. अशा वेळी ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतो. तो बिघडला आहे असं समजून त्याचं सेटिंग वाढवू नका. आधी मोटर लोडवर असताना तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा, आणि ते कमी असेल तर पुरवठा सुधारेपर्यंत दाणे कमी सोडा.