एम-२५ म्हणजे किती घमेली?

त्र्यंबकेश्वरात घर बांधणारे माझ्याकडे येतात, तेव्हा नकाशाच्या कोपऱ्यात 'काँक्रीट एम-२५' असे लिहिलेले असते. त्यांचा प्रश्न ठरलेला : "साहेब, म्हणजे एकास किती?"

एम-२५ हे प्रमाण नव्हेच. 'एम' म्हणजे मिक्स, अर्थात मिश्रण. २५ हा आकडा ताकदीचा. पंधरा सेंटिमीटर बाजूचा ठोकळा २८ दिवस पाण्यात ठेवून यंत्राखाली दाबला, तर त्याने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसला पाहिजे. सगळ्या ठोकळ्यावर मिळून हा भार सुमारे ५७ टन होतो. शंभरात पाचांहून अधिक ठोकळे याखाली जाता कामा नयेत. म्हणून मिश्रण आखणारा सरासरी ताकद साडेएकतीसच्या आसपास धरतो.

गवंड्यांच्या तोंडी असलेले एकास दोन चार म्हणजे ढोबळमानाने एम-१५ आणि एकास दीड तीन म्हणजे एम-२०. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत ठरावीक प्रमाण एम-२० पर्यंतच मान्य आहे. एकास एक दोन म्हणजे एम-२५, असे सर्रास सांगतात, पण त्याला मानकात आधार नाही. पुढच्या प्रतीसाठी तुमचीच खडी, तुमचीच वाळू प्रयोगशाळेत तपासून मिश्रण आखून घ्यावे लागते.

आता त्र्यंबकचे पाहू. सळईच्या कामाला, आडोशाच्या जागी एम-२० चालतो. मातीत गाडलेल्या पायाला किमान एम-२५ लागतो आणि जोराच्या पावसात उघड्या राहणाऱ्या भागाला एम-३०. ब्रह्मगिरीच्या पायथ्याला पावसाळा कसा असतो हे इथल्यांना काय सांगावे! म्हणून छज्जे आणि उघड्या गच्चीसाठी मी एम-३० सुचवतो. पायाखालचा बिनसळईचा थर तेवढा खुशाल प्रमाणावर करा.

सगळी गोम पाण्यात आहे. एम-२५ ला सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी नको, म्हणजे ५० किलोच्या गोणीला २५ लिटर. समजा, त्या गोणीबरोबर १०० किलो वाळू पडते आणि ती पावसात भिजून पाच टक्के ओली आहे. मग पाच लिटर पाणी वाळूतूनच आले. मिक्सरमध्ये वीसच ओतायचे. प्रत्यक्षात पंचवीस ओततात, वर माल 'सरकावा' म्हणून आणखी अर्धी बादली. हे जादा पाणी उडून गेले की मागे बारीक छिद्रे राहतात. त्यांतून ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काही वर्षांनी छज्ज्याच्या खालून खपल्या पडतात. शिवाय ओली वाळू फुगलेली असते. फर्मा भरलेला दिसतो, पण वाळू कमी पडते. आखलेले मिश्रण वजनानेच मोजायचे ते यासाठी.

ठोकळे ओतताना स्वतः हजर राहा. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी. एम-२५ चे ठोकळे सोळा-सतराच्या बरेच खाली फुटले, तर अठ्ठाविसाव्या दिवसाचा निकाल कळेपर्यंत वरचे खांब ओतू देऊ नका.